कॅडमध्ये डावा हात कीबोर्डवर, उजवा व्हीलवर: छोट्या कमांड, पॅन आणि ऑर्बिट नेमकं कसं चालतं

सरावलेला ड्राफ्ट्समन ऑटोकॅडवर काम करत असताना शेजारी बसून पाहणाऱ्याला बरेचदा काहीच कळत नाही. रेषा उमटतात, कोपरे गोल होतात, ड्रॉइंग सरकतं, जवळ येतं, तिरकं होऊन पुन्हा सपाट होतं, पण पडद्यावरच्या बटणांकडे माउस जाताना दिसतच नाही. नवीन शिकणारा वरच्या पट्टीतली चित्रं शोधत असतो आणि त्याला वाटतं, या माणसाला काहीतरी वेगळा मेनू माहीत आहे. मेनू तोच असतो. फरक फक्त कामाच्या वाटणीत असतो. काय करायचं ते डावा हात एकदोन अक्षरांत टाइप करून सांगतो. कुठे करायचं ते उजवा हात दाखवतो, आणि तोच हात व्हील दाबून समोरचं दृश्यही हलवतो.

हा लेख ऑटोकॅड धरून लिहिला आहे. व्हीलची जुळणी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखी नसते, त्याबद्दल शेवटी.

## L टाइप केल्यावर रेषा का येते

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली, तेव्हा कमांड टाइप करणं हीच कामाची मुख्य रीत होती. आज दिसणारी चित्रांची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, २००९ च्या आवृत्तीत आली. त्यामुळे कमांड टाइप करणं ही नंतर जोडलेली सोय नाही, तो या सॉफ्टवेअरचा मूळ पाया आहे. रिबनवरचं बटण दाबलं तरी शेवटी एक कमांडच चालते.

पूर्ण कमांडऐवजी वापरायच्या छोट्या रूपाला एलियस म्हणतात. `LINE` साठी `L`, `CIRCLE` साठी `C`, `COPY` साठी `CO`, `TRIM` साठी `TR`, `OFFSET` साठी `O`. ही यादी `acad.pgp` नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते, ऑटोकॅड एलटीमध्ये `acadlt.pgp` मध्ये. त्यातली एक ओळ अशी दिसते:

```
L,   *LINE
CO,  *COPY
TR,  *TRIM
```

डावीकडे एलियस, मग स्वल्पविराम, मग तारांकन आणि खरी कमांड. तुम्ही `TR` टाइप करून एंटर दाबता तेव्हा प्रोग्राम या यादीत नेमकं `TR` शोधतो आणि `TRIM` चालवतो. यादीत नसलेलं काही टाइप केलं, तर तो जवळपासची नावं सुचवतो, आणि घाईत एंटर दाबला की भलतीच कमांड सुरू होऊ शकते. म्हणून `TRI` किंवा `OFF` असे अर्धवट शब्द मारण्याची सवय लावून घेऊ नये. एलियस नेमकं जसं आहे तसंच टाइप करावं.

एंटरचं काम स्पेसबारही करतो, आणि वेगाचं अर्धं गुपित तिथेच आहे. डाव्या हाताचा अंगठा स्पेसबारवरच असतो, त्यामुळे `C` आणि स्पेस एका झटक्यात होतं. फक्त मजकूर लिहिताना स्पेस म्हणजे स्पेसच राहतो. रिकाम्या कमांड लाइनवर नुसता स्पेस दाबला, तर आधीची कमांड पुन्हा सुरू होते. एकामागून एक दहा ऑफसेट काढायचे असतील, तर `O` एकदाच टाइप करायचं.

सुरुवातीला कमांड लाइन माउसच्या टोकाशीच दिसावी यासाठी `F12` दाबून डायनॅमिक इनपुट चालू ठेवावं. टाइप केलेली अक्षरं कर्सरजवळ उमटतात आणि खाली बघायला मान वळवावी लागत नाही.

## तेच अक्षर, वेगळ्या वेळी वेगळा अर्थ

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे अडखळतो. एलियस हे फक्त कमांड लाइन रिकामी असताना एलियस असतं. एखादी कमांड चालू असेल, तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर त्या कमांडच्या प्रश्नाचं उत्तर समजलं जातं.

`L` घ्या. कमांड लाइन रिकामी असेल तर रेषा सुरू होते. `MOVE` मध्ये प्रोग्राम वस्तू निवडायला सांगत असताना `L` टाइप केलं, तर पडद्यावर दिसणाऱ्यांपैकी सगळ्यात शेवटी काढलेली वस्तू निवडली जाते. `PLINE` चालू असताना `L` म्हणजे लांबी. `C` चंही तसंच. रिकाम्या ओळीवर वर्तुळ, पण `LINE` मध्ये दोन रेषा काढून झाल्यावर `C` दिलं तर आकृती बंद होते. `U` चा फरक तर लक्षात ठेवायलाच हवा. `LINE` चालू असताना `U` ने फक्त शेवटचा तुकडा मागे जातो. कमांड संपल्यावर तेच `U` दिलं, तर त्या कमांडमध्ये काढलेल्या सगळ्या रेषा एकदम जातात.

म्हणून शंका आली की `Esc` दोनदा दाबायचं आणि मग एलियस टाइप करायचं. `Esc` ने आधी निवडलेल्या वस्तूंची निवडही सुटते. त्याचा वेगळा फायदा आहे: वस्तू निवडलेल्या असताना `E` आणि स्पेस दाबलं, तर प्रोग्राम काही न विचारता त्या पुसून टाकतो. `CO` मारताना `O` निसटला, तर फक्त वर्तुळाची कमांड सुरू होते, नुकसान काही नाही. पण `EX`, म्हणजे `EXTEND`, मारताना `X` निसटला आणि काही निवडलेलं असेल, तर ते गेलं. लगेच `U` दिल्यास परत येतं. मात्र काय गेलं हे लक्षात यायला हवं, आणि गर्दीच्या ड्रॉइंगमध्ये ते येतंच असं नाही.

आणखी एक अगदी साधं कारण. कीबोर्ड देवनागरी लेआउटवर असेल, तर एकही एलियस चालत नाही. ड्रॉइंगमध्ये मराठी मजकूर लिहून झाल्यावर लेआउट परत इंग्रजीवर आणायचा राहून जातो आणि सॉफ्टवेअर अडकलं असं वाटतं.

## व्हीलची कामं

व्हील फिरवलं की झूम होतं. पण ते पडद्याच्या मध्याभोवती होत नाही, कर्सर जिथे आहे त्या बिंदूभोवती होतं. ज्या कोपऱ्यावर काम करायचं, त्यावर कर्सर ठेवून व्हील फिरवलं की तोच कोपरा मोठा होतो. एका फिरवण्यात किती झूम व्हावं हे `ZOOMFACTOR` ठरवतं. ३ ते १०० मधला आकडा चालतो, मुळात ६० असतो. झूमच्या उड्या फार मोठ्या वाटत असतील तर तो कमी करावा.

व्हील न फिरवता दाबून धरलं आणि माउस हलवला, तर ड्रॉइंग सरकतं. हे पॅन. व्हील सोडलं की पॅन संपतं. व्हीलवर दोनदा पटकन क्लिक केलं की सगळं ड्रॉइंग पडद्यावर मावतं, म्हणजे `ZOOM` मधलं `E`.

या सगळ्यात महत्त्वाचा गुण असा की व्हीलमुळे चालू कमांड तुटत नाही. चालू कमांडच्या पोटात चालणाऱ्या अशा क्रियेला ट्रान्स्परंट म्हणतात. रेषेचं एक टोक दिलं आहे, दुसरं टोक पडद्याबाहेर आहे. व्हील दाबून ड्रॉइंग सरकवा, दुसरं टोक दिसेल तिथे क्लिक करा. रेषा पहिल्या टोकाला बांधलेलीच असते, ते टोक दिसत नसलं तरी. हे ठाऊक नसलेले लोक आधी सगळं पडद्यावर मावेल इतकं दूर जातात आणि मग बारीक झालेल्या गर्दीत टोक शोधतात. चुकीचा बिंदू पकडला जातो तो तिथेच.

कधीकधी पॅन किंवा झूम एका मर्यादेला येऊन थांबतं आणि पुढे जातच नाही. तेव्हा `RE` आणि स्पेस द्या. ड्रॉइंग नव्याने मोजून मांडलं जातं आणि वाट मोकळी होते.

## ऑर्बिट म्हणजे वस्तू फिरवणं नव्हे

शिफ्ट दाबून मग व्हील दाबून धरलं आणि माउस हलवला, तर पॅनऐवजी ऑर्बिट होतं. दृश्य तिरकं होतं, वस्तूच्या बाजू दिसू लागतात. इथे पुष्कळांचा गैरसमज होतो की आपण वस्तूच फिरवली. टेबलावर ठेवलेल्या डब्याला हात न लावता त्याच्याभोवती चालत जाऊन वेगवेगळ्या बाजूंनी पाहावं, तसं हे आहे. डबा जागचा हलत नाही, त्याचे निर्देशांक बदलत नाहीत. बदलते ती पाहणाऱ्याची जागा. वस्तू खरोखर फिरवायची असेल, तर `RO`, म्हणजे `ROTATE`, ही निराळी कमांड आहे.

ऑर्बिट कशाभोवती होतं, हेही कळायला हवं. ठरलेल्या सेटिंगमध्ये केंद्र असतं ते दिसणाऱ्या वस्तूंचा मध्य. ड्रॉइंगमध्ये कुठेतरी लांब एखादी सुटी रेषा पडलेली असेल, तर तो मध्य तुमच्या वस्तूपासून दूर जातो, आणि व्हील दाबून थोडं हलवताच वस्तू पडद्यावरून निघून जाते. उपाय सोपा आहे. आधी ती वस्तू क्लिक करून निवडा, मग शिफ्टसह व्हील दाबा. ऑर्बिट तिच्याभोवती होतं, आणि तेवढा वेळ निवडलेली वस्तूच दिसत असल्याने जड मॉडेल अडखळतही नाही.

## एक प्लेट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एका भागावर लावून पाहू. २०० × १२० मिमी प्लेट, चारही कोपरे २० मिमी त्रिज्येने गोल, प्रत्येक कोपऱ्याच्या केंद्रावर १२ मिमी व्यासाचं भोक, जाडी १० मिमी. ड्रॉइंग मिमीच्या टेम्प्लेटवर सुरू केलं आहे असं धरू. खालच्या प्रत्येक ओळीनंतर एंटर किंवा स्पेस.

```
REC
0,0
@200,120
```

आयत तयार झाला. पडद्यावर तो लहानसा किंवा अर्धा दिसत असेल. व्हीलवर दोनदा क्लिक करा, पूर्ण मावेल. मग कोपरे गोल करायला `FILLET`, म्हणजे `F`:

```
F
R
20
P
```

आता आयताच्या कोणत्याही बाजूवर क्लिक करा. `P` म्हणजे पॉलिलाइन. आयत ही एकच सलग वस्तू असल्याने चारही कोपरे एकदम गोल होतात. `P` द्यायचं विसरलात, तर एकेका कोपऱ्यासाठी दोन बाजू दाखवत बसावं लागतं.

पहिलं भोक डाव्या खालच्या कोपऱ्यात. कर्सर त्या कोपऱ्याजवळ नेऊन व्हील फिरवा, कोपऱ्याची कमान ठळक दिसेपर्यंत जवळ जा.

```
C
CEN
```

`CEN` म्हणजे केंद्र पकड, हे ऑब्जेक्ट स्नॅपचं छोटं रूप. ते फक्त पुढच्या एका क्लिकपुरतं असतं. कर्सर कमानीवर न्या, केंद्रावर लहान वर्तुळाची खूण दिसली की क्लिक करा. मग त्रिज्या `6`. इथे `12` देणं ही नेहमीची चूक आहे, कारण `CIRCLE` आधी त्रिज्या विचारतं. व्यास द्यायचा असेल तर आधी `D`, मग `12`.

उरलेली तीन भोकं कॉपी करायची:

```
CO
L
```

इथे `L` म्हणजे शेवटची वस्तू, म्हणजे आत्ताच काढलेलं वर्तुळ. एक रिकामा स्पेस देऊन निवड संपवा. मग `CEN`, आणि वर्तुळावर क्लिक. हा मूळ बिंदू झाला. आता वर्तुळाची प्रत कर्सरला चिकटलेली दिसेल. पुन्हा `CEN` टाइप करा आणि इथे घाई करू नका. आपण डाव्या कोपऱ्यात खूप जवळ आहोत, उजवा कोपरा पडद्याबाहेर आहे. व्हील दाबून धरा आणि माउस डावीकडे ओढा. प्लेट डावीकडे सरकते, उजव्या खालच्या कोपऱ्याची कमान आत येते. व्हील सोडा, कमानीवर कर्सर न्या, केंद्राची खूण दिसताच क्लिक. दुसरं भोक बसलं. कमांड अजून चालूच आहे, `CEN` द्या, व्हील दाबून खाली ओढा, वरची कमान, क्लिक. मग वरचा डावा कोपरा. शेवटी स्पेस. या सगळ्यात एकदाही दूर जावं लागलं नाही आणि एकही बटण शोधावं लागलं नाही.

आता जाडी:

```
EXT
ALL
```

निवडीत पाच वस्तू आल्याचं प्रोग्राम सांगेल, एक प्लेट आणि चार वर्तुळं. पाचापेक्षा जास्त सांगितल्या, तर कुठेतरी वर्तुळावर वर्तुळ बसलं आहे. ते आत्ताच शोधा, नंतर सापडणं अवघड जातं. रिकामा स्पेस देऊन निवड संपवा आणि उंची `10` द्या.

वरून पाहताना काहीच बदललेलं दिसणार नाही, कारण जाडी आपल्या नजरेच्या दिशेनेच आहे. शिफ्टसह व्हील दाबून माउस जरा वर-खाली करा, जाडी दिसू लागेल. आता प्लेटमधून चार दंडगोल वजा करायचे:

```
SU
```

आधी प्लेटच्या कडेवर क्लिक, मग रिकामा स्पेस. आता चारही दंडगोल निवडा. एखाद्या दंडगोलाची कड प्लेटच्या कडेमागे लपत असेल, तर याच प्रश्नावर असताना शिफ्टसह व्हील दाबून दृश्य थोडं वळवा. निवड सुटत नाही. चौथा दंडगोल निवडून स्पेस. भोकं खरंच आरपार झाली का, हे तारांच्या दृश्यात कळत नाही, कारण वजा करण्याआधी आणि नंतर रेषा जवळपास सारख्याच दिसतात. त्यासाठी `VS`, मग `C`. पृष्ठभाग रंगले की भोकातून पलीकडचं दिसतं. दंडगोल वजा झालेच नसतील, तर तिथे भोकाऐवजी भरीव तोंड दिसेल.

## सपाट ड्रॉइंग अचानक तिरकं झालं तर

जे फक्त प्लॅन काढतात आणि त्रिमितीत कधी जात नाहीत, त्यांनाही ऑर्बिट माहीत असायला हवं. त्यांच्या हातून ते नकळत होतं. शिफ्ट या कीला ऑटोकॅडमध्ये आणखी कामं आहेत. निवडीतून एखादी वस्तू काढण्यासाठी शिफ्ट दाबतात, रेषा तेवढ्यापुरती सरळ ठेवण्यासाठीही शिफ्ट दाबतात. ती सोडायच्या आधी पॅनसाठी व्हील दाबलं गेलं, की पॅनऐवजी ऑर्बिट होतं.

जास्त तिरकं झालं तर लगेच कळतं, वर्तुळं लंबगोल दिसतात. पण थोडंसंच झालं तर फसगत होते. खुणा तीन. डाव्या खालच्या कोपऱ्यातली अक्षांची खूण काटकोनात दिसत नाही. क्रॉसहेअरच्या रेषा किंचित कललेल्या असतात. आणि ड्रॉइंगच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या लेबलमध्ये `Top` च्या जागी `Custom View` दिसतं. यातली तिसरी खूण सगळ्यात खात्रीची.

नुकसान काय होतं? ड्रॉइंगमधली मापं बिघडत नाहीत. `DI` देऊन मोजलं तर २०० मिमीची बाजू २०० मिमीच येते. पण तेच दृश्य स्केलवर छापलं, तर कागदावर लांबी कमी भरते. दृश्य एका दिशेने १० अंश कललं असेल, तर त्या दिशेतली लांबी १० अंशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९८५ ने गुणली जाते. २०० मिमी कागदावर साधारण १९७ मिमी होतात. आडवं माप बरोबर आणि उभं थोडं कमी, असं छापील प्रतीवर आढळलं तर प्रिंटरला दोष देण्याआधी दृश्याचं लेबल बघावं.

दुसरं नुकसान ड्रॉइंगमध्ये शिरतं. तिरक्या दृश्यात वेगळ्या उंचीवरची टोकं कर्सरला जवळ दिसतात आणि स्नॅप ती पकडतो. सपाट वाटणारी रेषा एका टोकाला उचललेली असते. पुढे तिच्यावर `F` दिलं तर दोन रेषा एका प्रतलात नाहीत म्हणून फिलेट होत नाही, किंवा हॅच भरत नाही. सपाटच काम करणाऱ्यांनी `OSNAPZ` ची किंमत `1` ठेवली, तर स्नॅपने पकडलेल्या बिंदूची उंची सोडून दिली जाते आणि हा प्रकार टळतो. त्रिमितीचं काम करताना मात्र ती `0` असायला हवी, नाहीतर वरच्या कडेवर पकडलेला बिंदू खाली जमिनीवर पडतो.

परत सपाट होण्यासाठी:

```
UCS
W
PLAN
W
```

पहिल्या दोन ओळी अक्ष मूळ जागी आणतात, पुढच्या दोन नजर सरळ वरून लावतात. जे प्लॅन मुद्दाम फिरवलेल्या अक्षांवर काढलं आहे, तिथे पहिल्या दोन ओळी देऊ नका. नुसतं `PLAN` आणि मग आणखी एक एंटर द्या. लेआउटमध्ये काम करत असाल, तर स्केल ठरवून झाल्यावर व्ह्यूपोर्ट लॉक करा, म्हणजे त्याच्या आतला व्ह्यू हलत नाही.

## बटणं समोर असताना टाइप कशाला करायचं

हा आक्षेप रास्त आहे. महिन्यातून एकदा लागणारी कमांड रिबनवरून घेण्यात काहीच वावगं नाही, तिचं एलियस पाठ करणं उलट ओझं आहे. पण ड्राफ्टिंगच्या कामात पुन्हा पुन्हा लागणाऱ्या कमांड मोजक्याच असतात. रेषा, वर्तुळ, कॉपी, हलवणं, ट्रिम, ऑफसेट, फिलेट, पुसणं, माप. बटणावर जाताना माउस ड्रॉइंगमधल्या आपल्या जागेवरून उठतो, आणि परत येताना ती जागा पुन्हा शोधावी लागते. वेळ जातो तो मुख्यतः या शोधण्यात. टाइप केल्याने कर्सर जागचा हलत नाही.

पाठ करण्याचा सोपा मार्ग असा: बटण दाबायचं, पण कमांड लाइनमध्ये कोणतं नाव उमटलं ते वाचायचं आणि पुढच्या वेळी तेच नाव छोटं करून टाइप करायचं. एका वेळी दोन-तीनच घ्यावीत.

## स्वतःची एलियस करताना

मूळ यादीत एक अडचण आहे. `O`, `M`, `L`, `P`, `I` ही अक्षरं कीबोर्डच्या उजव्या अर्ध्यात आहेत, आणि उजवा हात माउसवर असतो. `CO` साठी डाव्या हाताला कीबोर्डच्या पलीकडे जावं लागतं. त्यामुळे अनेक जण रोजच्या कमांडना डाव्या हाताच्या अक्षरांची जोडी देतात. एकच अक्षर दोनदा घेणं सोयीचं पडतं, कारण तशा जोड्या बहुतेक मोकळ्या असतात:

```
CC,  *COPY
VV,  *MOVE
WW,  *OFFSET
```

फाइल कुठे आहे ते कमांड लाइनवर `(findfile "acad.pgp")` टाइप केल्यावर कळतं. ती उघडून या ओळी अगदी शेवटी, `User Defined Command Aliases` या भागात लिहाव्यात. तिथे लिहिण्याची दोन कारणं आहेत. एकच एलियस दोनदा आलं तर शेवटच्या भागातलं धरलं जातं, आणि नवी आवृत्ती घेताना तुमच्या ओळी सोबत नेणं सोपं जातं. सेव्ह केल्यावर `REINIT` द्या, `PGP File` समोर खूण करा, ओके करा. हे न करता `CC` मारलं तर प्रोग्राम जुनीच यादी वापरतो, आणि ओळ चुकली की काय असा घोळ होतो.

एलियसची मर्यादाही लक्षात घ्या. ते फक्त कमांडचं नाव बदलतं, पुढची उत्तरं त्यात भरता येत नाहीत. `ZOOM` आणि त्यातलं `E` एकाच एलियसमध्ये बसत नाही. त्यासाठी लिस्प भाषेतला लहानसा प्रोग्राम लिहावा लागतो:

```
(defun c:ZE () (command "_.ZOOM" "_E") (princ))
```

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काय करायचं, हा प्रश्न येतोच. तिथे तुमची यादी नसते. म्हणून मूळ एलियसना हात न लावता फक्त नवी जोडावीत. `C` चा अर्थ बदलून कॉपी केलात, तर दुसऱ्या मशीनवर प्रत्येक वेळी नकोसं वर्तुळ सुरू होईल, आणि तुमच्या मशीनवर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाची तर अधिकच पंचाईत. `CC` जोडलं असेल, तर फार तर ते चालणार नाही, आणि `CO` सगळीकडे आहेच.

## व्हील दाबल्यावर पॅन होत नसेल तर

आधी `MBUTTONPAN` टाइप करून किंमत पाहा. `0` असेल तर व्हील दाबल्यावर पॅनऐवजी एक मेनू येतो. ती `1` करा. तरीही पॅन नाही झालं, तर गडबड बहुधा माउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पुष्कळ माउसमध्ये मधल्या बटणाला दुसरंच काम लावलेलं असतं, उदाहरणार्थ पान आपोआप सरकवणं किंवा खिडक्या बदलणं. तिथे जाऊन ते साध्या मधल्या क्लिकवर आणावं. पॅन होतं पण दोनदा क्लिक केल्यावर सगळं ड्रॉइंग मावत नाही, यामागेही बरेचदा हेच कारण निघतं. आणि दोनदा क्लिक केल्यावर तुमचं ड्रॉइंग ठिपक्याएवढं होत असेल, तर माउस ठीक आहे. कुठेतरी लांब एखादी वस्तू पडली आहे. तुमच्या ड्रॉइंगच्या बाहेर खिडकी ओढून ती निवडा आणि `E` द्या.

व्हील घट्ट असेल, तर दिवसभर दाबून बोट भरून येतं. दाबताना व्हील चुकून फिरतही असतं, आणि पॅन करताना मध्येच झूम होतं. अशा वेळी वेगळं मधलं बटण असलेला माउस घेणं जास्त बरं.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. रेव्हिटमध्ये व्हील दाबून पॅन आणि शिफ्टसह ऑर्बिट, म्हणजे ऑटोकॅडसारखंच. तिथली दोन अक्षरी शॉर्टकट मात्र एंटर न देताच चालतात. स्केचअपमध्ये बरोबर उलटं आहे, नुसतं व्हील दाबलं की ऑर्बिट आणि शिफ्टसह पॅन. सॉलिडवर्क्समध्ये नुसतं व्हील दाबून फिरवणं आणि कंट्रोलसह पॅन. स्केचअपवर हात बसलेला माणूस ऑटोकॅडमध्ये सरकवण्यासाठी सवयीने शिफ्ट दाबतो आणि प्लॅन तिरका होतो. त्याने पहिले काही दिवस डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या `Top` या लेबलवर नजर ठेवावी.